एकच तक्रार, पाच तिकिटं: मर्ज करायची की लिंक?

शिरोळकडचा

नमस्कार मंडळी. गावोगावच्या दूध संस्थांना संकलनाचं सॉफ्टवेअर देणाऱ्या एका छोट्या कंपनीच्या हेल्पडेस्कवर आहे, ऑफिस शाहूपुरीत. आमच्याकडे एकाच तक्रारीची तिकिटं ढिगानं येतात. सचिव फोन करतो, त्याचा ऑपरेटर व्हॉट्सॲपवर स्लिपचा फोटो टाकतो, आणि चेअरमनच्या कानावर गेलं की त्यांचा ईमेल वेगळा.

परवाचा किस्सा सांगतो, म्हणजे प्रश्न कळेल. ११ तारखेच्या सकाळच्या पाळीपासून म्हशीच्या दुधाचं नवं दरपत्रक लागू होतं. काही संस्थांच्या कॉम्प्युटरवर ते उतरलंच नाही, जुन्या दरानं स्लिपा निघाल्या. रांगेत आलेली तिकिटं अशी:

४१२७: एका संस्थेचा सचिव, फोनवरून, सकाळी ७:१०. "दर कमी पडतोय. निम्म्या स्लिपा वाटून झाल्यात, फरक कसा द्यायचा?"
४१३३: त्याच संस्थेचा ऑपरेटर, स्लिपचा फोटो. खाली एक ओळ, "प्रिंटर पण पुसट मारतोय."
४१३८: दुसरं गाव. "दर कमी पडतोय, उत्पादक भांडायला लागलेत."
४१४० आणि ४१४१: आणखी दोन गावं, तीच तक्रार. ४१४० वाल्यानं सगळं व्यवस्थित लिहिलं होतं, फॅट, दर, जुना-नवा फरक.

नव्या पोरानं पाचही तिकिटं ४१४० मध्ये मर्ज केली, कारण त्यात माहिती जास्त. दुपारी दरपत्रक दुरुस्त झालं, ४१४० बंद, सगळ्यांना "तक्रार सोडवली" असा मेसेज. संध्याकाळी ४१२७ वाला सचिव त्याचा नंबर घेऊन फोनवर. स्क्रीनवर दिसतं फक्त "बंद". त्यानं विचारलेला स्लिपांच्या फरकाचा प्रश्न कुणी वाचलाच नाही. प्रिंटरचं तर नावच नाही. आणि ४१३८ वाल्याचा दर संध्याकाळीही कमीच.

साहेब म्हणतात डुप्लिकेट मर्ज करायचीच, नाहीतर रिपोर्टमध्ये आकडा फुगतो. माझं मत, मर्ज जपून करावं. तुम्ही काय करता?

तांबडा_पांढरा

पाच तिकिटं एका भांड्यात ओतल्यावर रस्सा कुठला आणि पाणी कुठलं कळणार कसं भावा 😄

क्यू_वाला

हा तर सोपा प्रॉब्लेम आहे. प्रत्येक जॉबला एक युनिक की द्या, रेडिसमध्ये ती की आधीच असेल तर दुसरा जॉब टाकूच नका. आमच्याकडे पेमेंटचे डबल जॉब असेच थांबवले.

शिरोळकडचा

@क्यू_वाला दादा, रांग म्हणजे माणसांच्या तक्रारींची रांग. सचिवाला "तुमची की आधीच आहे" असं सांगितलं तर तो थेट शाहूपुरीत येईल.

क्यू_वाला

अरे हो, वरवर वाचलं. पण मग फोन घेतानाच संस्थेचा कोड टाकून उघडं तिकीट आहे का बघा की. निम्मी तिकिटं तयारच होणार नाहीत.

बिनधास्त_कागलकर

मला काही अडचण दिसत नाही. आजकालच्या सगळ्या टूलमध्ये मर्ज केलं तरी काही जात नाही, सगळं जुन्या तिकिटावर राहतं. पोराचं चुकलं ते एवढंच की मेसेज न बघता बंद केलं. मर्ज नेहमी ज्यात माहिती जास्त त्यातच करावं.

अनुताई

कागलकर, तुमचं अर्धं बरोबर आहे. मजकूर पुसला जात नाही हे खरं. पण "राहतो" आणि "दिसतो" यात फरक आहे, आणि तो टूलप्रमाणे बदलतो.

झेनडेस्कचं उदाहरण घ्या. तिथं एक तिकीट दुसऱ्यात मर्ज केलं की पहिलं कायमचं क्लोज होतं, त्याला `closed_by_merge` हा टॅग लागतो, आणि ते उलटं फिरवता येत नाही. चालू तिकिटावर संपूर्ण संभाषण येत नाही, मर्जच्या नोंदीत त्यातली शेवटची कॉमेंट येते. म्हणजे सचिवाचं पहिलं वाक्य महत्त्वाचं असेल आणि नंतर त्यानं "झालं का?" एवढंच लिहिलं असेल, तर पुढच्या माणसापुढे "झालं का?" येणार. बाकीचं बघायला जुनं तिकीट उघडावं लागतं आणि गर्दीत ते कुणी उघडत नाही.

उलट रिक्वेस्ट ट्रॅकर, म्हणजे ज्याला सगळे आरटी म्हणतात, त्यात मर्ज केलेल्या तिकिटाचा `EffectiveId` नव्या नंबराकडे वळवतात. दोन्हींचा इतिहास एका पानावर तारखेनं लागतो, तक्रारदारही एकत्र होतात. जुना नंबर शोधला तरी नवंच तिकीट उघडतं. सचिवाच्या हातात ४१२७ असेल तर ४१२७ चालतो. पण एकत्र झालेला इतिहास परत वेगळा करायची सोय त्यातही मूळची नाही.

तेव्हा शिरोळकडचा, आधी रिकामी दोन तिकिटं करून तुमच्या टूलमध्ये मर्ज करून बघा. काय पुढे येतं, काय मागे राहतं, जुन्या नंबरावर उत्तर पाठवलं तर ते कुठं जातं. या तीन गोष्टी बघितल्याशिवाय नियम ठरवू नका.

आता तुमची पाच तिकिटं. मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: बंद करताना एकाच माणसाला एकदाच उत्तर दिलं तर काम संपतं का? ४१२७ आणि ४१३३ ला संपतं. संस्था एक, पाळी एक, तक्रार एक. ती मर्ज करा, आणि जुन्यात, म्हणजे ४१२७ मध्येच. त्या संस्थेचं घड्याळ ७:१० ला सुरू झालं. नंतरच्या तिकिटात मर्ज केलंत तर बहुतेक टूलमध्ये वेळ त्या नंतरच्या तिकिटाची धरली जाते, आणि सकाळपासून थांबलेला माणूस कागदावर उशिरा आलेला दिसतो. माहिती जास्त कुठं आहे हे बघायचं कारण नाही, माहिती कॉमेंट म्हणून आणता येते, तारीख आणता येत नाही.

४१४० आणि ४१४१ मध्ये कारण एक असलं तरी माणसं वेगळी, संस्था वेगळ्या, वाटून झालेल्या स्लिपा वेगळ्या. तिथं मर्ज नाहीच. "दरपत्रक उतरलं नाही" असं एक मूळ तिकीट आतल्या आत उघडा आणि ४१२७, ४१४०, ४१४१ त्याला लिंक करा.

बिनधास्त_कागलकर

ताई, वेळेचं पटलं. पण तीन संस्थांना तीन वेळा तेच टाईप करायचं? त्यापेक्षा मर्ज करून सगळ्यांना सीसीमध्ये ठेवलं की एका उत्तरात काम.

अनुताई

सीसीमध्येच तर खरी मेख आहे. तक्रारदार वेगळे असताना मर्ज केलं की बऱ्याच टूलमध्ये दुसऱ्या तिकिटाचा माणूस आपोआप सीसीत जातो. आता ४१४१ वाल्यानं त्याच्या उत्पादकांची यादी जोडली, नाव, लिटर, फॅट, रक्कम. तुम्ही त्या तिकिटावर सगळ्यांना दिसेल असं उत्तर दिलंत की शेजारच्या गावचा सचिव ते संभाषण वाचतो. एका संस्थेचा हिशेब दुसऱ्या संस्थेच्या हातात. दूध धंद्यात याचा अर्थ काय, ते मी सांगायला नको.

आणि टाईप करायचं म्हणाल तर लिंक असली की मूळ तिकिटावरून एकच मजकूर सगळ्या जोडलेल्यांना जातो, ज्याचा त्याला, वेगळा.

शिरोळकडचा

हे डोक्यात आलंच नव्हतं. ४१४१ ला खरंच यादी जोडलेली आहे.

राजारामपुरीकरीण

मी तक्रार करणाऱ्या बाजूनं लिहिते. आमच्या अपार्टमेंटला तक्रारींचं ॲप आहे. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकायची. आम्ही चार-पाच घरांनी तक्रार टाकली. एकीची ठेवली आणि बाकी सगळ्यांना मेसेज, "डुप्लिकेट, बंद." आम्हाला वाटलं लिफ्ट झाली. सासूबाई खाली गेल्या आणि अडकल्या.

बरं, जिची तक्रार ठेवली तिनं घर बदललं. तिनं ती "आता गरज नाही" म्हणून स्वतःच बंद केली. म्हणजे लिफ्टची एकही तक्रार उरली नाही! तुमच्या भाषेत हे मर्ज की लिंक मला माहीत नाही.

अनुताई

दोन्ही नाही, ते नुसतं बंद करणं होतं. पण तुम्ही फार कामाचं सांगितलंत. मूळ तिकीट कुणा एका तक्रारदाराच्या मालकीचं असलं की तो माणूस हलला की सगळ्यांचं काम बुडतं. म्हणून मी वर "आतल्या आत उघडा" म्हटलं, मूळ तिकिटाचा तक्रारदार आपलाच माणूस हवा. ४१४० लाच मूळ करायचा मोह होतो, तो टाळायचा.

हिशेबनीस

मी मॅनेजरच्या बाजूनं बोलतो, शिव्या खायची तयारी आहे. लिंक केलेली सगळी तिकिटं मोजली तर त्या दिवशी माझ्या टीमला एका चुकीची पाच कामं लागतात. वरच्यांना वाटतं सॉफ्टवेअर कोसळलं. मर्ज केलं की आकडा एक. साहेब चुकीचं बोलत नाहीत.

अनुताई

दोन आकडे वेगळे ठेवा ना. बिघाड किती, तर मूळ तिकिटं मोजा. किती जणांना त्रास झाला, तर जोडलेली मोजा. तीन संस्था अडकल्या हे मर्ज करून लपलं तर पुढच्या वेळी दरपत्रक कुणाकडे उतरत नाही हे शोधायला हातात काहीच राहत नाही.

हिशेबनीस

तत्त्व मान्य. पण वरचा माणूस एकच आकडा वाचतो, तो कुठला हे तुम्ही ठरवत नाही.

रात्रपाळी

ज्यांनी स्वतःचं टूल बनवलंय त्यांच्यासाठी. (आम्ही उद्यमनगरातल्या वर्कशॉपांच्या मेंटेनन्सच्या कामांसाठी बनवलंय.) मर्ज करताना कॉमेंटच्या ओळी एका तिकिटावरून दुसऱ्यावर हलवू नका. हलवल्या की कुठली ओळ मूळची कुठली हे कायमचं जातं. नुसती खूण करा:

```sql
UPDATE tickets
SET merged_into = 4127, status = 'merged'
WHERE id = 4133;
```

आणि दाखवताना दोन्हींच्या कॉमेंट एकत्र वाचा:

```sql
SELECT c.* FROM comments c
JOIN tickets t ON t.id = c.ticket_id
WHERE t.id = 4127 OR t.merged_into = 4127
ORDER BY c.created_at;
```

प्रत्येक कॉमेंटशेजारी मूळ नंबर बारीक अक्षरात दाखवा. चुकून मर्ज झालं तर `merged_into` रिकामं करायचं, काही हरवत नाही. फक्त आधीचं स्टेटस कुठंतरी लिहून ठेवा, नाहीतर परत काय लावायचं हे आठवत नाही.

क्यू_वाला

आणि साखळी झाली तर? ४१३३ गेलं ४१२७ मध्ये, उद्या ४१२७ गेलं ४१०२ मध्ये. तुझी क्वेरी एकच पायरी बघते. ४१०२ उघडलं की ४१३३ गायब.

रात्रपाळी

बरोबर पकडलंस. म्हणून ४१२७ मर्ज करताना त्याच्याकडे बोट दाखवणारी सगळी तिकिटं ४१०२ कडे वळवायची. आरटीही असंच करतं.

क्यू_वाला

मग ४१२७ परत सुटं केलं तर ४१३३ कुणाबरोबर जाणार? ते आता ४१०२ कडे बोट दाखवतंय.

रात्रपाळी

त्यासाठी प्रत्येक मर्जची नोंद वेगळ्या टेबलात: कुठलं, कशात, कुणी, कधी. आम्ही ते ठेवतो. पण खरं सांगायचं तर दोन पायऱ्यांचं मर्ज आपोआप सुटं करायचं आम्ही अजून लिहिलेलं नाही. नोंद बघून हातानं करतो.

तांबडा_पांढरा

पोस्ट वाचता वाचता मिसळ गार झाली. पण ४१३८ चं काय झालं ते कुणी सांगेल का? सकाळपासून त्याचे उत्पादक भांडतायत.

अनुताई

त्याच्यावरच येत होते. शिरोळकडचा, त्या गावची स्लिप बघितलीत का? दरपत्रक नवं होतं की जुनं?

शिरोळकडचा

बघितली, आज सकाळी मागवली. दर नव्या पत्रकाप्रमाणेच आहे. फॅट ६.१ आणि ६.१ ला जो दर हवा तोच छापलाय. म्हणून तर कळेना.

अनुताई

मग तक्रार दराची नाहीच, फॅटची आहे. त्याच उत्पादकाची १० तारखेची फॅट काढा. आणि एकाची नको, दहा-बारा जणांची काढा.

शिरोळकडचा

काढली. १० च्या सकाळी तोच माणूस ६.६. बाकीच्यांचीही ०.४ ते ०.६ नं खाली. अख्ख्या गावाची!

गडहिंग्लजचा_डेअरीवाला

मशीन! मी संस्थेवर बसतो, हे डोळे झाकून सांगतो. एकाच पाळीत सगळ्यांची फॅट सारखीच खाली गेली तर म्हशी नाही बदलल्या, फॅट मशीन घाण झालंय नाहीतर कॅलिब्रेशन हललंय. आदल्या दिवशीचं दूध आत राहिलं, रोजचं धुणं नीट झालं नाही, की असं होतं. मशीन साफ करायच्या औषधानं धुवा, मग एक नमुना गर्बर पद्धतीनं काढून ताडून बघा. उत्पादकाला फॅट दिसत नाही, त्याला हातात पडलेले पैसे दिसतात. म्हणून तो "दर कमी" म्हणतो आणि सचिव तसंच फोनवर सांगतो.

अनुताई

आता बघा, शब्द तेच, दिवस तोच, कारण वेगळं. हे तिकीट मर्जही करायचं नव्हतं आणि मूळ तिकिटाला लिंकही नाही. मी म्हणूनच तक्रारीच्या वाक्यावरून जोडत नाही, पुरावा मागते. इथं पुरावा म्हणजे स्लिप, त्यावरची फॅट आणि दर, दोन्ही पत्रकांशी ताडून. पुरावा येईपर्यंत तिकीट "संबंधित असू शकेल" एवढ्या सैल लिंकवर ठेवायचं, मूळ बंद झालं तरी आपोआप बंद होणार नाही असं. लिंक काढता येते, मर्ज काढता येत नाही, हा साधा हिशेब.

बिनधास्त_कागलकर

मानलं ताई. माझं "माहिती जास्त त्यात मर्ज" मागे घेतो. पण एक शंका. मूळ तिकीट सोडवलं की जोडलेली आपोआप सुटतात, ती सोय बंद करायची का? ती तर सगळ्यात भारी सोय आहे.

अनुताई

सर्व्हर बंद पडून चालू झाला असेल तर वापरा, तिथं सुरू झालं म्हणजे सगळ्यांचं झालं. झेनडेस्कमध्ये प्रॉब्लेम सोडवला की जोडलेले इन्सिडंट सुटतात ते अशाच कामाला. पण दरपत्रकात तसं नाही. पत्रक दुपारी दुरुस्त झालं म्हणजे संध्याकाळच्या पाळीपासून बरोबर. सकाळच्या स्लिपा जुन्याच दराच्या, त्या प्रत्येक संस्थेत वेगळ्या फिरवाव्या लागतात. कुणाच्या निम्म्या वाटल्या, कुणाच्या सगळ्या, कुणी छापल्याच नाहीत. ४१२७ चा प्रश्न तोच होता. म्हणून मूळ बंद करताना जोडलेल्यांना फक्त निरोप जाऊ द्या, "पत्रक दुरुस्त झालं, तुमच्या सकाळच्या स्लिपांचं बघतोय", आणि तिकीट उघडं ठेवा. फरक जमा झाल्याचं संस्थेनं सांगितलं की मग ते तिकीट बंद. २० तारखेच्या आत व्हायला हवं, नाहीतर दहा दिवसांच्या बिलात चुकीचा आकडा जाईल.

गडहिंग्लजचा_डेअरीवाला

ताई हे लाख बोललात. बिल गेल्यावर दुरुस्ती म्हणजे पुढच्या बिलात फरक दाखवा, मग उत्पादकाला समजावा, मग मीटिंगमध्ये ऐका.

शिरोळकडचा

आज बसून सगळं सुटं करायला घेतलं. आमच्या टूलमध्ये मर्ज मागे घेता येत नाही, म्हणून ४१२७, ४१३८ आणि ४१४१ साठी नवी तिकिटं उघडली, प्रत्येकात जुन्या तिकिटाची लिंक, मूळ मजकूर जसाच्या तसा चिकटवला आणि वर ज्याची त्याची पहिली वेळ लिहिली, म्हणजे ४१२७ च्या तिकिटावर "प्रथम तक्रार ११ तारीख, ७:१०". टूल तारीख आजचीच धरतंय, पण निदान उघडणाऱ्याला दिसेल. ४१४१ च्या यादीवरून सीसीतली नावं काढली. प्रिंटरचं वेगळं तिकीट केलं, ते ४१३३ मध्ये पडून होतं.

एसएमएस असा बदललाय: "तुमची तक्रार ४१३३ आता ४१२७ सोबत पाहिली जात आहे. दोन्ही नंबर चालतील. तक्रार अजून उघडी आहे." राजारामपुरीकरीणताई, शेवटचं वाक्य तुमच्यामुळे.

राजारामपुरीकरीण

"डुप्लिकेट" हा शब्द काढलात ते बरं केलंत. आपण खोटी तक्रार केली असं वाटतं त्यानं.

रात्रपाळी

@शिरोळकडचा "दोन्ही नंबर चालतील" असं लिहिण्याआधी तपासलंस का? काही टूलमध्ये मर्ज होऊन क्लोज झालेल्या नंबरावर ईमेलनं उत्तर आलं की त्याचं नवं फॉलो-अप तिकीट बनतं. मग तुमची डुप्लिकेट परत सुरू.

शिरोळकडचा

आत्ता पाठवून बघितलं. नवं तिकीट बनलं. 🙈 एसएमएसमधून ते वाक्य काढतोय आणि "यापुढे नव्या तिकिटाचा नंबर सांगा" असं टाकतोय. फोनवाल्यांना अडचण नाही, आम्ही जुन्या नंबरावरून शोधू शकतो. ईमेलवाल्यांसाठी एक फिल्टर लावलाय, फॉलो-अप आलं की आधी जुन्या तिकिटाच्या लिंककडे बघायचं.

हिशेबनीस

आणि आता रिपोर्टमध्ये नवी तिकिटं धरून त्या दिवसाचा आकडा नऊ. साहेबांना काय सांगणार?

शिरोळकडचा

बिघाड दोन, दरपत्रक आणि एक फॅट मशीन. प्रिंटर तिसरा. त्रास झालेल्या संस्था चार. हे तीन आकडे लिहून ठेवलेत. साहेबांनी अजून बघितलं नाही, सोमवारी मीटिंग आहे.

हिशेबनीस

तीन आकडे? शुभेच्छा. काय म्हणाले ते इथं लिही.